आखूड वृत्तचिती उकळत्या पाण्यात : गुणाकाराची रीत आणि तिच्या चुका

बटाट्याची सारख्या जाडीची नळी कापून उकळत्या पाण्यात सोडली, की उष्णता तिच्यात दोन वाटांनी शिरते. एक वाट गोल बाजूकडून अक्षाकडे जाते, दुसरी दोन्ही सपाट टोकांकडून मध्याकडे. नळी खूप लांब असती तर पहिली वाट मोजून भागले असते आणि पातळ चकती असती तर दुसरी. आखूड वृत्तचितीत दोन्ही मोजाव्या लागतात. त्यासाठी ए. बी. न्यूमन यांनी १९३६ मध्ये मांडलेला गुणाकाराचा नियम वापरतात. अनंत लांबीच्या वृत्तचितीचे उत्तर आणि अनंत पसरलेल्या सपाट भिंतीचे उत्तर यांचा गुणाकार म्हणजे आखूड वृत्तचितीचे उत्तर. विटेसारख्या इष्टिकाचितीत तीन भिंतींची उत्तरे गुणायची.

येथे गुणायचे असते ते गुणोत्तर. तापमान गुणायचे नसते.

θ = (T − T∞) / (Ti − T∞)

T म्हणजे पदार्थातील त्या बिंदूचे तापमान, Ti सुरुवातीचे आणि T∞ पाण्याचे. θ म्हणजे पाणी आणि पदार्थ यांच्या तापमानात सुरुवातीला जो फरक होता, त्यातला अजून शिल्लक असलेला भाग. सुरुवातीला तो १ असतो आणि हळूहळू शून्याकडे जातो. पुष्कळांकडून येथे भरून निघालेला भाग गुणला जातो आणि उत्तर उलटेच येते. दोन्ही वाटांनी उष्णता येत असताना शिल्लक फरक एकाच वाटेच्या मानाने कमी राहायला हवा. शिल्लक भागांच्या गुणाकारात ते आपोआप साधते. भरलेले भाग गुणले तर मात्र दोन वाटा मिळून एका वाटेपेक्षा कमी काम करतात, असा अर्थ निघतो.

उदाहरण आंबेगाव तालुक्यातील कळंबचे घेऊ. मंचर आणि सातगाव पठाराचा हा भाग बटाट्याचा आहे, त्यामुळे नमुना घरात सापडतो. या भागाच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळते. पुस्तकातले १०० येथे घेऊ नयेत. नळीचा व्यास ४० मिलिमीटर, लांबी ५० मिलिमीटर आणि सुरुवातीचे तापमान सर्वत्र २५ अंश आहे. बटाट्याचा उष्णता-विसरणांक सुमारे ०.१४ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद धरता येतो. उकळते पाणी पृष्ठभागाला इतक्या झपाट्याने उष्णता देते, की पृष्ठभाग लगेच पाण्याच्या तापमानाला आला असे मानले तरी चालते. म्हणजे बायो अंक फार मोठा आहे. अशा वेळी मध्यबिंदूसाठी ही दोन सूत्रे पुरतात :

भिंत : θ = १.२७३ e^(−२.४६७ Fo)
वृत्तचिती : θ = १.६०२ e^(−५.७८३ Fo)

Fo हा फूरिये अंक : विसरणांक गुणिले वेळ, भागिले लांबीचा वर्ग. सर्वांत जास्त चुका या लांबीपाशी होतात. भिंतीसाठी अर्धी जाडी घ्यायची, म्हणजे येथे २५ मिलिमीटर. वृत्तचितीसाठी त्रिज्या घ्यायची, म्हणजे २० मिलिमीटर. दोन्ही लांब्या वेगळ्या असल्यामुळे वेळ एकच असूनही फूरिये अंक वेगळे येतात.

पंधरा मिनिटांनंतर, म्हणजे ९०० सेकंदांनी, विसरणांक आणि वेळ यांचा गुणाकार १२६ चौरस मिलिमीटर होतो. भिंतीचा फूरिये अंक १२६ ÷ ६२५ = ०.२०२ आणि वृत्तचितीचा १२६ ÷ ४०० = ०.३१५. त्यावरून भिंतीचे θ ०.७७४ आणि वृत्तचितीचे ०.२५९ येते. गुणाकार ०.२०. सुरुवातीचा फरक ७३ अंशांचा होता, त्यातले सुमारे १४.६ अंश शिल्लक आहेत, म्हणून मध्य ८३ अंशांच्या थोडा वर आहे. बटाट्यातील स्टार्च साधारण ६० ते ७० अंशांदरम्यान फुगून मऊ होतो, तेव्हा नळीचा मध्य त्या टप्प्याच्या पुढे गेलेला आहे. हीच नळी अनंत लांब असती तर मध्य ७९ अंशांवर असता. टोकांकडून आलेल्या उष्णतेने सुमारे चार अंशांची भर घातली.

आता अर्ध्या जाडीऐवजी पूर्ण ५० मिलिमीटर घेतले तर काय होते ते पाहावे. भिंतीचा फूरिये अंक ०.०५ होतो आणि सूत्रातून θ १.१२ येते. गुणाकार मात्र ०.२९, म्हणजे मध्य ७७ अंशांजवळ. आकडा वरवर पटण्याजोगा असल्याने चूक लपून राहते. ती ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. एकही घटक १ पेक्षा मोठा असू शकत नाही, कारण उकळत्या पाण्यात बटाटा थंड होत नाही. शिवाय आखूड तुकडा अनंत लांब नळीपेक्षा सावकाश तापूच शकत नाही, आणि येथे ७७ हे ७९ पेक्षा कमी आहे. म्हणून गुणण्यापूर्वी प्रत्येक घटक वेगळा लिहून तपासावा.

वरची सूत्रे मालिकेतील पहिल्या पदाची आहेत. फूरिये अंक सुमारे ०.२ च्या वर असला तरच एक पद पुरेसे ठरते. याच नळीला दहा मिनिटे दिली तर भिंतीचा अंक ०.१३४ होतो. एका पदाने मध्य ६६ अंश येतो, दुसरे पद धरल्यावर ६७. एवढा फरक सहन होतो. पाच मिनिटांसाठी मात्र आणखी पदे घ्यावीच लागतात. हाइसलर यांचे १९४७ चे आलेखही याच मर्यादेत वापरायचे असतात.

इष्टिकाचितीची रीत तीच आहे. ५० × ४० × ४० मिलिमीटरच्या तुकड्यात २० मिलिमीटर अर्ध्या जाडीच्या भिंतीचे θ ०.५८५ येते. ते दोनदा आणि ०.७७४ एकदा गुणले की ०.२६५, म्हणजे मध्य ७८ ते ७९ अंश. तेवढ्याच रुंदीची गोल नळी ८३ वर पोहोचते. चौकोनी तुकड्याचे कोपरे जास्तीचे वस्तुमान असल्यामुळे त्याचा मध्य मागे राहतो.

हा नियम चालण्यासाठी सुरुवातीचे तापमान सर्वत्र सारखे हवे आणि सर्व बाजूंना एकाच तापमानाचा द्रव हवा. शीतगृहातून आणलेला बटाटा बाहेरून कोमट आणि आतून थंड असतो, म्हणून तो आधी कित्येक तास खोलीच्या तापमानाला ठेवावा. तुकडा पातेल्याच्या तळावर उभा केला तर एका टोकाला पाणी पोहोचत नाही. ते टोक उष्णतारोधक वस्तूवर टेकले असेल तर भिंतीची लांबी पूर्ण ५० मिलिमीटर धरावी लागते आणि सर्वांत थंड बिंदू मध्यातून सरकून तळटोकावर जातो. पंधरा मिनिटांनंतर तो ७९ अंशांवरच असतो. म्हणून तुकडा दोऱ्याने भरपूर पाण्यात टांगावा. पाणी कमी असेल तर तुकडा पडताच ते थंड होते आणि T∞ स्थिर राहत नाही. तापमापकाची सुई बारीक असावी आणि टोक नेमके मध्यावर यावे. ते अक्षापासून ५ मिलिमीटर सरकले तरी वाचन एक अंशाहून अधिक चढते.

ओव्हनच्या गरम हवेत हीच सूत्रे लावता येत नाहीत. तिथे बायो अंक एकाच्या आसपास असतो. भिंत आणि वृत्तचिती यांसाठी तो वेगळा काढून दोन्ही स्थिरांक तक्त्यातून घ्यावे लागतात. त्यातही बटाट्याच्या पृष्ठभागावरून पाणी उडत असते आणि उष्णतेचा एक भाग त्यातच खर्च होतो. गुणाकारात त्याची नोंद नसल्याने मोजलेले तापमान गणितापेक्षा कमी भरते.

पदार्थाने एकूण किती उष्णता घेतली हे काढताना निराळी काळजी लागते. पंधरा मिनिटांत भिंतीने घ्यायच्या उष्णतेचा ०.५१ भाग आणि वृत्तचितीने ०.८९ भाग घेतलेला असतो. लँग्स्टन यांच्या १९८२ च्या सूत्राने, पहिला भाग अधिक दुसरा भाग गुणिले पहिल्याची उरलेली बाकी, असा एकूण भाग सुमारे ०.९४ येतो. दोन्ही भाग थेट गुणले तर ०.४५ येतात आणि ते चूक आहे. मध्याचा फरक ०.८० भाग भरला असताना एकूण उष्णता ०.९४ भाग आली, कारण बाहेरचे थर आधी तापतात. म्हणून घेतलेल्या उष्णतेवरून मध्याचे तापमान ठरवू नये. ते θ च्या गुणाकारानेच काढावे.