सदिश अवकाशावरील जादा तास : सूचना आणि तिच्यामागील अनुभव

सत्रपरीक्षा तोंडावर आली असल्यामुळे द्वितीय वर्ष बी.एस्सी.च्या गणिताच्या सर्व विद्यार्थ्यांस कळविण्यात येते की, सदिश अवकाश या प्रकरणावरील उदाहरणे सोडविण्यासाठी येत्या सोमवारपासून शुक्रवारपर्यंत दररोज दुपारी चार वाजता गणित विभागाच्या मोठ्या वर्गात जादा तास घेण्यात येतील. या तासांना हजेरी मांडली जाणार नाही आणि व्याख्या व सिद्धता पुन्हा सांगितल्या जाणार नाहीत; विद्यार्थ्यांनी फळ्यावर उदाहरण सोडवावे आणि इतरांनी प्रत्येक पायरीला कारण विचारावे, एवढाच या तासांचा रिवाज राहील.

सूचना म्हणून इतके पुरेसे होते. परंतु हे तास कशासाठी योजावे लागले, याचा खुलासा आधीच केलेला बरा, असे मला वाटते; कारण गेली अनेक वर्षे या विषयाच्या उत्तरपत्रिका तपासताना जी एक गोष्ट पुनःपुन्हा माझ्या नजरेस आली, ती अज्ञानाची नव्हे, तर घाईची आहे. ज्या विद्यार्थ्याने आधाराची, म्हणजे तुम्ही ज्याला बेसिस म्हणता त्याची, व्याख्या शुद्ध लिहिली आहे, ज्याच्या आकडेमोडीत एकही चूक नाही, तोच विद्यार्थी अगदी शेवटच्या ओळीत भलतेच सदिश लिहून मोकळा होतो, आणि तपासणाऱ्याला सगळे पान बरोबर असताना उत्तरावर काट मारावी लागते, याचे मला दर वेळी मनापासून वाईट वाटते.

एक उदाहरण घेऊ. (१, २, ३), (२, ४, ६), (१, ३, ४) आणि (३, ७, १०) हे चार सदिश दिले आहेत आणि त्यांनी जनित केलेल्या उपावकाशाचा आधार या चौघांमधूनच निवडावयाचा आहे. सदिश स्तंभांत मांडले की सारणी अशी होते :

१ २ १ ३
२ ४ ३ ७
३ ६ ४ १०

दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट आणि तिसरीतून पहिलीची तिप्पट वजा केली की, दोन्ही ठिकाणी (०, ०, १, १) हीच ओळ उरते. त्या दोहोंची वजाबाकी करून तिसरी ओळ शून्य होते, आणि पहिल्या ओळीतून दुसरी वजा केल्यावर सारणीचे शेवटचे रूप हाती येते :

१ २ ० २
० ० १ १
० ० ० ०

पिव्हट पहिल्या व तिसऱ्या स्तंभांत आहेत, म्हणून उपावकाशाची मिती २. येथवर बहुतेक सर्व जण निर्धास्तपणे येतात. पुढे मात्र कित्येकांच्या उत्तरपत्रिकेत आधार म्हणून (१, ०, ०) आणि (०, १, ०) हे सदिश दिसतात, म्हणजे अंतिम सारणीतील पिव्हटचे स्तंभ जसेच्या तसे उचललेले असतात. दिलेल्या चारही सदिशांकडे क्षणभर पाहिले असते तर असे आढळले असते की, प्रत्येकाचा तिसरा घटक पहिल्या दोन घटकांच्या बेरजेइतका आहे, आणि हा गुण त्यांच्या कोणत्याही एकघाती संयोगात टिकून राहतो. (१, ०, ०) या सदिशात एक आणि शून्य यांची बेरीज एक, पण तिसरा घटक मात्र शून्य, तेव्हा तो या उपावकाशात मुळी नाहीच. जो सदिश उपावकाशाच्या बाहेरचा, तो त्याच्या आधारात दाखल कसा होणार? बरोबर उत्तर मूळ सारणीतील पहिला व तिसरा स्तंभ, म्हणजे (१, २, ३) आणि (१, ३, ४), हे आहे.

याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे, कारण नुसता नियम पाठ केला तर परीक्षेच्या गडबडीत तो उलटा आठवतो. ओळींवरील क्रियांनी स्तंभ बदलतात, पण स्तंभांचे परस्परसंबंध बदलत नाहीत. अंतिम सारणीत दुसरा स्तंभ पहिल्याची दुप्पट आहे, आणि चौथा स्तंभ म्हणजे पहिल्याची दुप्पट अधिक तिसरा. मूळ सारणीतही (२, ४, ६) ही पहिल्याची दुप्पटच आहे, आणि (२, ४, ६) मध्ये (१, ३, ४) मिळविले की (३, ७, १०) येतात. असे होण्याचे कारण इतकेच की, स्तंभांमधील प्रत्येक एकघाती संबंध हा त्या सारणीच्या समघात समीकरणसंहतीची एकेक उकल असतो, आणि ओळींवरील क्रियांनी समीकरणांचे रूप पालटले तरी उकली त्याच राहतात. म्हणून अंतिम सारणीकडून आपण केवळ स्तंभांचे क्रमांक विचारावेत. सदिश मात्र मूळ सारणीतून घ्यावेत.

आता तेच चार सदिश ओळींत मांडून पाहा. ओळींवरील क्रियांनी ओळींनी जनित केलेला उपावकाश बदलत नाही, त्यामुळे येथे अंतिम सारणीतील अशून्य ओळी, (१, ०, १) आणि (०, १, १), आधार म्हणून खुशाल लिहाव्यात, आणि प्रश्नात केवळ ‘एक आधार काढा’ असे म्हटले असेल तर हे उत्तर पूर्ण आहे. परंतु प्रश्नात ‘दिलेल्या सदिशांमधून’ असे शब्द असतील तर ते चालणार नाही, आणि येथेच दुसरा धोका उभा राहतो. दुसरी ओळ शून्य झाल्यामुळे तिला खाली नेऊन तिसरी तिच्या जागी आणावी लागते, आणि मग वरच्या दोन ओळी अशून्य दिसतात म्हणून विद्यार्थी मूळचे पहिले दोन सदिश आधार म्हणून लिहितो. पण ते दोन म्हणजे (१, २, ३) आणि त्याचीच दुप्पट (२, ४, ६)! जे परस्परावलंबी आहेत ते आधार होऊ शकत नाहीत, हे त्याच विद्यार्थ्याने मागच्या पानावर स्वहस्ते लिहिलेले असते. ओळींची अदलाबदल झाली की ओळींचे मूळ क्रमांक हरवतात; ते क्रमांक कच्च्या कामात समासाला टिपून ठेवले तर हा घोटाळा टळतो. मात्र सदिश निवडावयाचे असतील तेव्हा ते स्तंभांतच मांडावेत, हे माझ्या मते अधिक सुरक्षित.

उत्तर लिहून झाल्यावर पडताळा घेण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. आधारातील सदिश परस्परांवर अवलंबून नाहीत ना हे पाहावे, आणि वगळलेला प्रत्येक सदिश त्यांच्या संयोगाने मिळतो की नाही हे प्रत्यक्ष गुणाकार-बेरीज करून पाहावे. या दुसऱ्या पडताळ्याची एक ओळ उत्तरात लिहिण्यास कसूर करू नये. आकडेमोडीत कोठे चूक झालीच असेल तर ती याच ओळीत उघडी पडते, आणि ती सुधारण्यास वेळ हाताशी असतो.

पहिले तीन दिवस स्तंभ आणि ओळी यांवरील अशीच उदाहरणे होतील, व उरलेले दोन दिवस दोन उपावकाशांचा छेद व बेरीज यांच्या मितींसाठी राखून ठेवले आहेत. सोमवारी येताना प्रत्येकाने पुढील उदाहरण घरी सोडवून आणावे : (१, २, ३), (१, ३, ४) आणि (२, ५, क) या सदिशांनी जनित केलेल्या उपावकाशाची मिती क च्या कोणत्या किमतीला २ होते, आणि एरवी ती किती असते? सदिश ओळींत मांडून सारणी सोडविताना तिसऱ्या ओळीत शेवटी क वजा ७ एवढाच घटक उरेल. त्याने ओळीला भागण्यापूर्वी तो शून्य असू शकतो काय, हा विचार करावा आणि दोन्ही शक्यतांचा तपशील स्वतंत्रपणे लिहून आणावा.