ओल्या रेनकोटची चकाकी येते कुठून?
फोटो स्टुडिओ व फ्लेक्सचे काम करणाऱ्या कारागीर बांधवांसाठी एक धडा

आपला बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी आणि तोही बेभरवशाचा. त्यामुळे रेनकोट आणि गमबूट विकणाऱ्या दुकानदाराचा हंगाम मृगाच्या आसपास सुरू होतो आणि थोड्या आठवड्यांत आटोपतो. दुकानावरचा बोर्ड त्याला मे महिन्यातच तयार हवा असतो. मे महिन्यात मात्र फोटो काढायला पाऊस नसतो. मग तो मागच्या वर्षीचा पावसातला फोटो घेऊन स्टुडिओत येतो आणि म्हणतो, "यातल्या पोराच्या अंगावर माझा रेनकोट आणि पायात गमबूट चढवून द्या."

असेच एक काम आमच्याकडे आले होते. गेवराईकडच्या सपाट काळ्या रानात, भुरभुर पावसात, सात-आठ वर्षांचा मुलगा डबक्यात अनवाणी उभा होता. तो दुकानदाराचाच पुतण्या. केस भिजलेले, शर्ट अंगाला चिकटलेला, चेहऱ्यावर हसू. फोटो फार छान होता. हे काम आम्ही एकदा बिघडवले आणि दुसऱ्यांदा जमवले. दोन्हींतून जे शिकलो, ते येथे मांडत आहोत.

पहिली चूक

पहिल्या वेळी आम्ही सोपा मार्ग धरला. एका छापील कॅटलॉगमधला पिवळा रेनकोट कापून मुलाच्या अंगावर बसवला. कापणी स्वच्छ होती, माप बरोबर होते, तरी चित्र खोटे दिसत होते. दुकानदाराने पाहताक्षणी सांगितले, "पोरगं पावसात आहे, रेनकोट मात्र घरात आहे."

त्याचे म्हणणे खरे होते. कॅटलॉगच्या फोटोत दोन्ही बाजूंना दिवे होते. त्या दिव्यांच्या दोन पांढऱ्या कडक पट्ट्या रेनकोटच्या बाह्यांवर उभ्या उमटल्या होत्या. रानात असे दिवे कुठून येणार? आम्ही पट्ट्या मंद करून पाहिल्या, तेव्हा त्या राखेसारख्या करड्या झाल्या आणि प्लास्टिक मळलेले दिसू लागले.

चकाकी म्हणजे काय

इथे मूळ गोष्ट समजून घ्यावी. पिवळ्या रेनकोटकडे पाहताना आपण एकाच वेळी दोन गोष्टी पाहतो. एक, प्लास्टिकचा स्वतःचा रंग. दुसरी, त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेले आजूबाजूचे प्रतिबिंब. यालाच आपण चकाकी म्हणतो. चकाकी प्लास्टिकच्या रंगाची नसते, ती समोरच्या उजेडाच्या रंगाची असते. घरी खिडकीजवळ रेनकोट धरून पाहावा. चमकणारा भाग पांढरा दिसेल आणि आपण डोके हलवले की तो जागा बदलेल. पिवळा रंग मात्र जागचा हलणार नाही.

ढगाळ दिवशी उजेडाचा एकच मोठा उगम असतो, तो म्हणजे सगळे आभाळ. म्हणून चकाकी रुंद, मऊ कडांची असते आणि आभाळाकडे तोंड असलेल्या भागांवरच येते. खांदे, मागे पडलेली टोपी, कोपराची वरची बाजू, घडीचा माथा, बुटाचे नाक हे ते भाग. छातीवर ती कमी असते. शिवाय प्लास्टिक समोरून पाहिले तर फार थोडा उजेड परतवते आणि तिरके पाहिले तर पुष्कळ. त्यामुळे खांद्याच्या आणि बाह्यांच्या वळत्या कडांवर चकाकी जास्त दिसते.

यातूनच एक उपयोगी कसोटी मिळते. ढगाळ फोटोत रेनकोटची चकाकी सहसा आभाळापेक्षा उजळ नसते, कारण प्लास्टिक मिळालेल्या उजेडाचा काही भागच परतवते. कॉम्प्युटरवर Eyedropper घेऊन आभाळ आणि चकाकी दोन्ही तपासावे. चकाकीचा आकडा वर गेला असेल तर काम बहुधा चुकले आहे.

ओलेपणाचेही असेच आहे. कापड पाणी पिते आणि गडद होते. प्लास्टिक पाणी पीत नाही. त्यावर थेंब उभे राहतात, काही एकत्र येऊन ओघळतात. थेंबाच्या वरच्या बाजूला आभाळाचा ठिपका दिसतो आणि आत शिरलेला उजेड गोळा होऊन खालच्या बाजूला दुसरी उजळ कोर उमटते. ब्रशने नुसते पांढरे ठिपके दिले की ते चुन्याच्या शिंतोड्यांसारखे दिसतात, ते याच कारणाने.

मे महिन्यात ढगाळ उजेड

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही चकाकी रंगवण्याचा नाद सोडला आणि ती खरी मिळवली. दुकानातला विक्रीचा रेनकोट त्याच मुलाला घालून अंगणात उभे केले. डोक्यावर आठ-नऊ फुटांवर पांढऱ्या चादरी दुहेरी ताणल्या. दुपारचे ऊन त्यातून गाळून आले की वरून सगळीकडून सारखा, बिनसावलीचा उजेड पडतो. तो बराचसा ढगाळ आभाळासारखा असतो.

एक अडचण लगेच दिसली. अंगणातली फरशी फिकट होती आणि तिचा उजेड उलटून रेनकोटच्या खालच्या बाजूला लागत होता. मूळ फोटोत खाली ओली काळी माती होती, जी उजेड गिळते. आम्ही फरशीवर गडद ताडपत्री अंथरून ती भिजवली, तेव्हा खालची बाजू हवी तशी गडद झाली.

कॅमेऱ्याची उंचीही जुळवावी लागते. सपाट रानात क्षितिजाची रेघ माणसाला जिथे छेदते, तीच फोटो काढणाऱ्याच्या कॅमेऱ्याची उंची. आमच्या फोटोत ती मुलाच्या छातीवरून जात होती, म्हणजे फोटो गुडघे टेकून काढलेला. आम्हीही तसेच बसलो. उभ्याने काढला असता तर खांदे वरून दिसले असते आणि जोड कधीच बसला नसता.

पाण्यात निम्मे ग्लिसरीन मिसळून ते फवारणीच्या बाटलीने रेनकोटवर मारले. ग्लिसरीन मेडिकलच्या दुकानात मिळते. नुसत्या पाण्याचे थेंब मेच्या उन्हाळ्यात लवकर सुकतात, हे टिकतात. चेहऱ्यावर मात्र मारू नये. चेहरा आणि भिजलेले केस आम्हाला मूळ फोटोतलेच ठेवायचे होते. म्हणून टोपी मागे पाडून ठेवली. केस भिजलेले आणि टोपी डोक्यावर, हे पाहणाऱ्याला पटत नाही.

चादरीतून आलेला उजेड थोडा पिवळसर असतो आणि ढगाळ उजेड निळसर. त्यासाठी एका फोटोत पांढरा कागद धरला. कॉम्प्युटरवर तो कागद आधी शुद्ध पांढरा केला आणि मग मूळ फोटोतल्या आभाळाकडे पाहत चित्र किंचित निळसर केले.

जोडणी

रेनकोट कापून बसवल्यावर आधी त्याचा रंग आणि अंधार जुळवावा, चकाकी शेवटी. हनुवटीखाली, काखेत आणि घड्यांच्या आत सावली कमी वाटली, तिथे वेगळ्या थरावर Multiply लावून मऊ ब्रशने दिली. खांद्यावरची चकाकी थोडी वाढवायची होती, तिच्यासाठी दुसरा थर Screen लावून घेतला. त्यात रंग आभाळातूनच उचलला, शुद्ध पांढरा वापरला नाही.

तरीही रेनकोट चित्रावर चिकटवल्यासारखा दिसत होता. कारण बारीक होते. मूळ फोटोत मुलाच्या अंगासमोरून पावसाच्या रेघा जात होत्या आणि आमच्या रेनकोटपाशी येऊन त्या तुटत होत्या. मध्यम थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने पडतो. फोटो सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात काढलेला असेल तर थेंबाची रेघ सुमारे 5 सेंटिमीटर उमटते. म्हणजे मुलाच्या जवळून पडणारी रेघ त्याच्या तळहाताच्या रुंदीहून लांब नसावी. शेजारच्या रेघांचा तिरपेपणा पाहून आम्ही तशाच मोजक्या रेघा दिल्या आणि जोड नाहीसा झाला.

गमबूट आणि पाणी

बुटाचे काम रेनकोटपेक्षा अवघड निघाले. काळे गमबूट मुलाच्या पायात घालून त्याला मोठ्या परातीत, मातीच्या गढूळ पाण्यात उभे केले आणि फोटो घेतला. त्यामुळे पाणी बुटाला जिथे टेकते ती रेघ खरी मिळाली. ही रेघ सरळ नसते, बुटाभोवती किंचित वाकते. सरळ कापलेला बूट पाण्यावर ठेवलेल्या डब्यासारखा दिसतो.

बूट बसवून आम्ही समाधानाने चित्र लहान करून पाहिले, तेव्हा चूक ध्यानात आली. डबक्यात अजून अनवाणी पायांचेच प्रतिबिंब होते! ते पुसून तिथे बुटांचे उलटे चित्र ठेवले, मुळापेक्षा गडद केले आणि पाण्याच्या लाटांप्रमाणे ठिकठिकाणी तोडले. त्याखाली रेनकोटचा पिवळा रंगही थोडा उतरवला, कारण पाण्यात तोही दिसणारच. शेवटी बुटांवर चिखलाचे शिंतोडे दिले. चिखल बुटासारखा चमकत नाही. तो जिथे पडतो तिथली चकाकी नाहीशी करावी लागते, तिच्यावर चिखल नुसता ठेवून चालत नाही.

शेवटची गोष्ट

पहिल्या वेळची एक चूक अजून सांगायची राहिली. कॅटलॉगमधला रेनकोट दुकानात नव्हताच. तिथे होता तो पातळ, कमी चमकणारा आणि लांबीलाही आखूड. तो बोर्ड लागला असता तर गिऱ्हाईकाने जाड चकचकीत माल पाहून पायरी चढली असती आणि हातात दुसराच माल पडला असता. मालाचा दोष झाकून विकू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. चित्राने झाकलेला दोषही दोषच. ही जबाबदारी दुकानदाराइतकीच चित्र करणाऱ्याचीही आहे.

खऱ्या मालाचा फोटो घेतल्यावर त्याची पातळ बाही पातळच दिसली आणि लांबी गुडघ्याच्या वरच राहिली. चकाकी वाढवताना आम्ही खऱ्या रेनकोटवर जिथे ती होती तिथेच वाढवली, नव्या जागी आणली नाही. दुकानदाराला आधी हे थोडे फिके वाटले. आम्ही त्याला विकायचा रेनकोट आणि बोर्डाचा नमुना शेजारी धरायला सांगितले. त्याने दोन्हींकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "हा माझाच माल आहे. छापा."