टाकी किती वाजता भरेल?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. काळ-काम-वेगाची सगळी सूत्रं तिला पाठ आहेत. पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की पहिला प्रश्न हाच, "बाबा, याला कुठलं सूत्र?" मी सूत्र सांगितलं की चुटकीसरशी सोडवते, नाही सांगितलं तर वही मिटते. सूत्र नेमकं ओळखायचं कसं?
– एक पालक, सातारा

उत्तर : सूत्र ओळखण्याआधी गोष्ट नीट समजली आहे का, ते पाहायला हवं. नेहमीच्याच नळांचं एक उदाहरण घेऊ, फक्त त्यात एक छोटीशी मेख मारू.

सोसायटीची टाकी नगरपालिकेच्या नळाने 4 तासांत भरते, बोअरच्या पाण्याने 6 तासांत. सकाळी 6 वाजता नळ सोडला. 7 वाजता बोअरची मोटारही सुरू केली. टाकी किती वाजता भरेल?

सूत्र शोधणारा विद्यार्थी 4 आणि 6 पाहतो आणि गुणाकार भागिले बेरीज करून मोकळा होतो. 24 भागिले 10, म्हणजे 2.4 तास. थोडा सावध विद्यार्थी मधला एक तास लक्षात ठेवून त्यात मिळवतो आणि 3.4 तास लिहितो. उत्तरं दोन्ही चुकीची, गुणाकार-भागाकार मात्र बिनचूक. या सूत्राच्या पोटात एक अट आहे : दोन्ही नळ एकाच वेळी सुरू होतात आणि शेवटपर्यंत चालतात. इथे तसं घडलेलं नाही. पण अट सूत्रात दिसत नाही, ती गोष्टीतच शोधावी लागते.

आता सूत्र बाजूला ठेवू आणि टाकीकडे पाहू. तिच्यात किती पाणी मावतं हे दिलेलं नाही. ठीक आहे, आपणच ठरवू. 4 आणि 6 या दोघांनीही सहज भाग जावा म्हणून 1200 लिटर धरू. म्हणजे नळ तासाला 300 लिटर पाणी देतो, बोअर 200 लिटर. 6 ते 7 नळ एकटाच चालला, 300 लिटर जमा झालं, 900 उरलं. 7 नंतर दोन्ही मिळून तासाला 500 लिटर. 900 भागिले 500 म्हणजे 1.8 तास, अर्थात 1 तास 48 मिनिटं. टाकी 8 वाजून 48 मिनिटांनी भरली.

ताळा करून पाहू. नळ 2.8 तास चालला, 840 लिटर. बोअर 1.8 तास, 360 लिटर. दोन्ही मिळून 1200. शिवाय आकडेमोड न करताही एक अंदाज हाताशी असतो. दोन्ही सुरुवातीपासून चालले असते तर 2.4 तास लागले असते, नळ एकटाच असता तर 4. उत्तर या दोन्हींच्या मध्येच पडायला हवं. 2.4 हे उत्तर या अंदाजातच अडकतं. 3.4 मात्र त्यातून निसटतं, त्याला पकडायला लिटरच मोजावे लागतात : 3.4 तास नळ आणि 2.4 तास बोअर म्हणजे 1020 अधिक 480, 1500 लिटर. टाकी केव्हाच वाहू लागली!

"पण 1200 तर आपण मनाने घेतले!" असं मुलगी म्हणेल, आणि तिने म्हणायलाच हवं. 2400 घेऊन पाहायला सांगा. नळ 600, बोअर 400, पहिल्या तासानंतर उरलेले 1800, भागिले 1000, पुन्हा 1.8. टाकी दुप्पट केली की सगळंच दुप्पट होतं आणि भागाकारात ते निघून जातं. मात्र ही मोकळीक उत्तर वेळेत मागितलं असेल तेवढ्यापुरतीच. "नळ बोअरपेक्षा तासाला 100 लिटर जास्त देतो, तर टाकी किती लिटरची?" असं विचारलं तर मनाने आकडा घेऊन चालणार नाही. तिथे टाकी क्ष लिटरची म्हणायची. नळाचे तासाला क्ष/4, बोअरचे क्ष/6, आणि दोन्हींमधला फरक 100. क्ष/12 बरोबर 100, म्हणून क्ष 1200. गोष्ट तीच, फक्त माहीत काय आणि शोधायचं काय याची अदलाबदल झाली.

तासाला किती ते मोजायची ही युक्ती काही आजची नाही. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या 'लीलावती'त चार झऱ्यांचं उदाहरण आहे. एक झरा हौद एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा दिवसाच्या तिसऱ्या भागात, चौथा सहाव्या भागात. सगळे एकदम सोडले तर? एका दिवसात कोण किती हौद भरेल ते मोजा : 1, 2, 3 आणि 6. एकूण 12 हौद. म्हणजे एका हौदाला दिवसाचा बारावा भाग, दोन तास. 'किती वेळात' हा प्रश्न 'दिवसात किती' असा उलटा केला, आणि नुसत्या बेरजेवर काम झालं. वेळांची बेरीज करता येत नाही, दरांची करता येते, कारण पाणी एकाच हौदात जमतं.

आता अक्षरांबद्दल थोडं, कारण खरी घसरण तिथे होते. अमेरिकेत 1980च्या सुमारास जॉन क्लेमेंट आणि सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक वाक्य समीकरणात लिहायला दिलं : विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. एक तृतीयांशाहून जास्त जणांचं चुकलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी 6S = P असं लिहिलं. इंग्रजी वाक्यात 'सहापट'नंतर आधी विद्यार्थी येतात आणि मग प्राध्यापक, त्याच क्रमाने त्यांनी चिन्हं मांडली असावीत. मराठीत हे वाक्य आपल्याला सांभाळून घेतं. 'प्राध्यापकांच्या सहापट' म्हणताना सहा आपोआप प्राध्यापकांना चिकटतात. पण तेच 'दर प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी' असं सांगून पाहा, 'प्रा = 6वि' लिहिणारे आपल्याकडेही निघतील. 'प्रा' म्हणजे प्राध्यापक नव्हे, प्राध्यापकांची संख्या. 10 प्राध्यापक असतील तर विद्यार्थी 60. हे आकडे समीकरणात घातले की 10 बरोबर 360 येतं आणि चूक उघडी पडते.

म्हणून वहीत 'क्ष = बोअर' असं कधी लिहू देऊ नका. 'क्ष = बोअर तासाला देतो ते लिटर' असं पूर्ण लिहायला लावा. कंटाळा येईल, पण 'लिटर' आणि 'तास' लिहिलेले असले की लिटरमध्ये तास मिळवायला हात धजावत नाही. तसंच 'जास्त' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, ही क्लासमधली शिकवण सोडून द्यायला सांगा. 'रमाकडे 12 आंबे आहेत, सीमापेक्षा 5 जास्त' या वाक्यात 'जास्त' आहे, तरी सीमाचे आंबे वजाबाकीनेच मिळतात.

आणि एकदा तरी तिला उदाहरणातले सगळे आकडे बोटाने झाकून गोष्ट सांगायला लावा : आधी एकटा नळ, मग दोन्ही, टाकी तेवढीच. एवढं सांगता आलं तर आकडे पुढे आपली जागा शोधतात. नाही आलं तर योग्य सूत्र सांगूनही उपयोग होत नाही, कारण त्यात काय कुठे घालायचं हेच कळलेलं नसतं.

हे सगळं गृहीत धरतं की नळ पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकाच जोराने वाहतो. साताऱ्यात तुमच्याकडे तसं होत असेल तर कळवा. गणितात ते मान्य करावं लागतं, पण मान्य केलंय हे ठाऊक असलेलं बरं.

मुलीसाठी एक उदाहरण. टाकी तीच, नळ 6 ला सोडला, बोअर 7 ला. पण खालचा व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, भरलेली टाकी तो 12 तासांत रिकामी करतो. 7 वाजता मोटार लावायला गेलेल्या वॉचमनच्या ते लक्षात आलं आणि त्याने व्हॉल्व्ह बंद केला. टाकी किती वाजता भरली? उत्तर पूर्ण तासात येतं, एवढंच सांगतो.