भारताचे हवामान-उद्दिष्ट बंधनकारक आहे का? संहिता कशी वाचावी

२०३० पर्यंत उत्सर्जन-तीव्रता २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट भारताने ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांना कळवले. ते कायद्याने किती बांधते, हे आपण पुढील क्रमाने तपासावे.

१. आधी पॅरिस करार (२०१५) आणि भारताचा ‘राष्ट्रीय निर्धारित योगदान’ हा दस्तऐवज, म्हणजे एनडीसी, समोर ठेवा. पण दोन्ही वेगळे वाचा. करार हा आंतरराष्ट्रीय कायदा आहे. एनडीसीतला आकडा मात्र देशाने स्वतः ठरवलेला असतो आणि तो कराराच्या संहितेत नाही.

२. आता कलम ४(२) इंग्रजीतूनच वाचा, कारण सगळा कस क्रियापदांत आहे. एनडीसी तयार करणे, कळवणे, कायम ठेवणे आणि देशांतर्गत उपाय योजणे यांसाठी ‘शॅल’ आहे. उद्दिष्टाबाबत मात्र देश ते गाठण्याचा ‘इरादा’ ठेवतो, एवढेच म्हटले आहे. थोडक्यात, वर्तन बंधनकारक आहे, निष्पत्ती नाही.

३. मग कलम ४(४) पाहा. विकसित देशांनी संपूर्ण अर्थव्यवस्थेसाठी निरपेक्ष कपातीची उद्दिष्टे घेऊन पुढाकार घ्यावा, असे ते सांगते. इथे अंतिम मसुद्यात ‘शॅल’ होते. अमेरिकेच्या आक्षेपानंतर करार मंजूर होण्याआधी त्याचे ‘शुड’ झाले. क्योतो करारात (१९९७) विकसित देशांची उद्दिष्टे आकड्यांसह बंधनकारक होती. सामायिक पण भिन्न जबाबदाऱ्यांचे तत्त्व पॅरिसमध्येही टिकले, पण कलम २(२) ने त्याला ‘भिन्न राष्ट्रीय परिस्थितीच्या संदर्भात’ अशी जोड दिली.

४. यानंतर भारताच्या उद्दिष्टांतील अटी अधोरेखित करा. वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के बिगर-जीवाश्म स्रोतांची असेल, हे उद्दिष्ट तंत्रज्ञान हस्तांतरण आणि स्वस्त आंतरराष्ट्रीय वित्ताच्या मदतीने गाठायचे, असे एनडीसीत म्हटले होते. क्षमता म्हणजे प्रत्यक्ष निर्मिती नव्हे, हेही ध्यानात ठेवा. उत्सर्जन-तीव्रता म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रति एककामागचे उत्सर्जन. समजा, अर्थव्यवस्था २००५ च्या चौपट झाली आणि तीव्रता ४५ टक्के घटली, तर एकूण उत्सर्जन चार गुणिले ०.५५, म्हणजे २.२ पट होईल. उद्दिष्ट पूर्ण, तरी उत्सर्जन दुपटीहून जास्त! वार्तांकनात हीच गल्लत वारंवार होते.

५. शेवटी, उद्दिष्ट हुकले तर काय, हे शोधा. कलम १५ ची समिती दंड करत नाही. ती अडचण समजून घेऊन मदत करते. मात्र २३ जुलै २०२५ च्या सल्लागार मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले की, एनडीसी ठरवण्याची मोकळीक अमर्याद नाही आणि त्यातील उद्दिष्टे गाठण्यासाठी देशाने कसोशीने दक्षता घेतली पाहिजे. हे मत स्वतः बंधनकारक नसले तरी वकिलांच्या हाती त्यामुळे वजनदार मुद्दा आला आहे. म्हणून ‘आकडा गाठला का?’ एवढ्यावर थांबू नका. कोणते नियम केले, किती निधी दिला आणि कलम १३ खालील पारदर्शकता अहवालात काय नोंदवले, याची कागदपत्रे मागा.