दहा हजार भागिले शंभर

रोज दहा हजार पावलं चालायची, मिनिटाला शंभर पावलं पडतात, म्हणजे शंभर मिनिटं झाली. हा भागाकार कुणालाही तोंडी करता येतो, आणि चालण्याचा नेम मोडण्याचं एक मोठं कारणही हाच भागाकार आहे, असं माझं मत आहे. गणितात चूक काहीच नाही. चूक त्यात घातलेल्या दोन आकड्यांत असते. वरचा आकडा गरजेपेक्षा मोठा असतो आणि खालचा आकडा आपला नसतो, दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. मग हिंगोलीसारख्या ठिकाणी, जिथे मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि आठ-साडेआठपासून ऊन अंगावर येऊ लागतं, तिथे माणूस सकाळचे एक तास चाळीस मिनिटं कुठून काढायचे या विचारानेच घरी बसतो. खरं तर त्याला तेवढी मिनिटं लागणारच नसतात.

आधी वरचा आकडा पाहू. दहा हजार हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, यामासा नावाच्या जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र बाजारात आणलं आणि ते दहा हजार पावलांच्या नावाने विकलं. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, तो टिकला. तपासणी पुढे अनेक वर्षांनी झाली. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी आढळलं. पावलं वाढत गेली तसा फायदा वाढला आणि साधारण ७,५०० च्या आसपास तो सपाट झाला. २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा साठीच्या पुढच्यांसाठी सहा ते आठ हजार आणि साठीच्या आतल्यांसाठी आठ ते दहा हजार इथे फायदा थांबतो असं दिसलं. म्हणजे साठी ओलांडलेल्या माणसाने सात हजारांचं उद्दिष्ट ठेवलं, तर ती पळवाट नाही, पुराव्याला धरूनच आहे.

पण सात हजार भागिले शंभर, म्हणजे सत्तर मिनिटं, हेही उत्तर खरं नाही. दिवसभरात आपण काही पावलं टाकतोच. घरात, अंगणात, दुकानापर्यंत, बसस्टँडवर, शेताच्या बांधावर ती पडत असतात. मुद्दाम चालायला लागणारी मिनिटं ही उद्दिष्टातून ती पावलं वजा करून उरलेल्या पावलांची असतात. म्हणून मोजणीची सुरुवात चालण्यापासून करू नये, न चालण्यापासून करावी. तीन साधे दिवस, ज्यांत लग्न नाही, प्रवास नाही, आजारपण नाही, फोन अंगावर ठेवून किंवा घड्याळ मनगटावर बांधून जगावं आणि रात्री आकडा लिहून ठेवावा.

खालचा आकडा जास्त फसवा आहे. मिनिटाला शंभर पावलं हे कुणाच्या पायांचं मोजमाप नाही. कॅट्रिन ट्युडर-लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांना यंत्रावर चालवून, त्यांचा श्वास मोजून पाहिलं, की चालणं ‘मध्यम श्रमाचं’ केव्हा होतं. बसल्या जागी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्याच्या तिप्पट खर्च साधारण शंभरच्या गतीला होतो, आणि सहापट सुमारे एकशेतीसला. शंभर हा एक सोयीचा उंबरठा आहे. तुम्ही त्याच्या अलीकडे आहात की पलीकडे, हे तुमचं तुम्हालाच मोजावं लागतं.

गती माणसागणिक किती बदलते ते बघा. नवरा-बायको हिंगोलीच्या रामलीला मैदानावर बरोबरीने फेऱ्या मारतात असं समजू. दोघांचा वेग एकच, मिनिटाला ७५ मीटर. नवऱ्याचं पाऊल ७५ सेंटिमीटरचं पडतं, म्हणून त्याची गती शंभर. बायको बुटकी, तिचं पाऊल ६० सेंटिमीटरचं, म्हणून तिला मिनिटाला १२५ पावलं टाकावी लागतात. चाळीस मिनिटांनी दोघं एकाच दारातून घरात शिरतात, तेव्हा त्याची चार हजार पावलं झालेली असतात आणि तिची पाच हजार. श्रावणात हिंगोलीहून औंढा नागनाथला पायी जाणाऱ्यांचंही असंच. पंचवीसेक किलोमीटरचं अंतर सगळ्यांना सारखं, पण एकाची चौतीस हजार पावलं भरतात आणि दुसरीची चाळीस हजारांच्या वर जातात. तेव्हा शेजाऱ्याला किती मिनिटं लागतात हे विचारून आपला नेम ठरवणं व्यर्थ आहे, आणि किलोमीटरवरून मिनिटं काढणं त्याहून व्यर्थ.

आपली गती मोजायला यंत्र लागत नाही. घड्याळात तीस सेकंद पाहायचे, फक्त उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजायचं आणि त्या आकड्याला चारने गुणायचं. मात्र हे एकदा करून भागत नाही. निघाल्यावर पाच मिनिटांनी, मध्यावर आणि परतताना, असं तीनदा मोजावं. पहिल्या मोजणीत माणूस आपण मोजतोय या जाणिवेने जरा झपाझप चालतो, आणि परतीची गती बहुधा उतरलेली असते.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. हिंगोली शहरात राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एका गृहिणीचं उद्दिष्ट सात हजार आहे, असं धरा. तीन साध्या दिवसांची पावलं २,९००, ३,६०० आणि ३,१०० भरली. सरासरी ३,२००, म्हणजे मुद्दाम चालायची पावलं ३,८००. गती मोजली ती १०४, ९८ आणि ९२, सरासरी ९८. या हिशेबाने ३,८०० ला जवळपास ३९ मिनिटं लागतील. पण एक सकाळ घरातून निघून घरी परत येईपर्यंत घड्याळ लावलं, तर ३० मिनिटांत २,६४० च पावलं झाली. म्हणजे मिनिटाला ८८. मधली दहा पावलं कुठे गेली? ती रस्त्यावर थांबण्यात गेली. कुणी ओळखीचं भेटलं, राम राम झाला, गायी-म्हशींना वाट दिली, चौकात ट्रॅक्टर जाऊ दिला. नेम ठरवायचा तो या ८८ वर, ९८ वर नाही, कारण वेळ घरच्या घड्याळातून जाणार आहे. ३,८०० भागिले ८८ म्हणजे ४३ मिनिटं. सकाळी पंचवीस आणि संध्याकाळी वीस धरले की झालं. शंभर मिनिटांच्या धास्तीपुढे हे निम्म्याहूनही कमी आहे. थांबणं बंद करा असं मी सांगणार नाही. हिंगोलीत सकाळी राम राम न घेता पुढे जाणाऱ्याबद्दल लोक काय बोलतात ते सर्वांना ठाऊक आहे. चार मिनिटं जास्त धरावीत, इतकंच.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मग झपाझप चालून मिनिटंच कमी का करू नयेत? करून पाहा, पण किती वाचतात तेही पाहा. ३,८०० पावलांना ९० च्या गतीने ४२ मिनिटं लागतात, १०० ने ३८, १२० ने ३२ आणि १३० ने २९. ९० वरून १०० वर जाताना चार मिनिटं वाचतात आणि ते बहुतेकांना झेपतं. १२० वरून १३० वर जायला दम लागतो आणि वाचतात जेमतेम अडीच मिनिटं. त्यातही अर्धी पावलं ८० च्या गतीने आणि अर्धी १२० ने टाकली, तर सरासरी शंभर होत नाही, ९६ होते, कारण हळू चालण्यात वेळ जास्त जातो. शेवटी जोर लावून आधीची ढिलाई पुरी भरून निघत नाही. वेळ वाचवायला वेग हा महाग उपाय आहे. हृदय आणि फुप्फुसांना कस लागावा म्हणून रोज दहा-पंधरा मिनिटं भरभर चालणं ही वेगळी गोष्ट, ती अवश्य करावी. पण २०१९ च्या त्याच अभ्यासात एकूण पावलं लक्षात घेतल्यावर गतीचा मृत्यूच्या प्रमाणाशी ठळक संबंध उरला नव्हता, हेही ध्यानात ठेवावं. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बोलता येणार नाही इतकी धाप लागली, तर उरलेली पावलं सोडून द्यावीत आणि डॉक्टरांना दाखवावं. साखरेच्या रुग्णाने घरी आल्यावर तळपाय पाहावेत. त्यांची संवेदना कमी झालेली असली तर फोड कळत नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा, आणि तो रास्त आहे. दिवसभर रानात राबणाऱ्याला पावलांचा हिशेब कशाला? बहुतेकदा नकोच. पण कळमनुरी किंवा सेनगावकडचा कुणी मोबाइल दाखवून ‘माझी तर दोनच हजार होतात’ म्हणाला, तर तो आकडा खरा मानू नये. हळद किंवा सोयाबीनच्या निंदणीत माणूस बसून सरकतो, कापूस वेचताना एकेक पाऊल थांबत टाकतो, आणि इतकी संथ पावलं यंत्राला बहुधा समजत नाहीत. शिवाय फोन बांधावरच्या पिशवीत पडलेला असतो. उलटही घडतं. खडबडीत रस्त्यावर मोटरसायकलचे धक्के काही यंत्रं पावलं म्हणून मोजतात, आणि वसमतला जाऊन आलेला माणूस न चालता उद्दिष्टाजवळ पोहोचतो. याची तपासणी सोपी आहे. मनात मोजत शंभर पावलं टाकावीत आणि यंत्र किती दाखवतं ते पाहावं. नव्वदच्या खाली किंवा एकशेदहाच्या वर दाखवलं, तर फोनची जागा बदलून पुन्हा पाहावं. हातातल्या पिशवीत किंवा पर्समध्ये ठेवलेला फोन बऱ्याचदा चुकतो. अंगाला लागून असलेल्या खिशात तो बरा मोजतो.

नेम सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी एकूण आकडा पुन्हा पाहावा लागतो, कारण चालून आलेला माणूस दिवसभर जरा जास्त बसतो आणि मूळची ३,२०० पावलं नकळत घटतात. वरच्या उदाहरणात एकूण ६,६०० वर अडकलं, तर उणी ४०० भागिले ८८, म्हणजे पाच मिनिटं वाढवायची. आणि जूनमध्ये सगळी मोजणी नव्याने करायची. काळ्या मातीचा रस्ता भिजला की चिखल चपलेला धरतो, पाऊल आखूड पडतं आणि मिनिटाला पडणारी पावलंही कमी होतात. उन्हाळ्यातली ४३ मिनिटं तेव्हा पुरत नाहीत. गती ७५ वर आली तर तीच ३,८०० पावलं ५१ मिनिटं मागतात, आणि ती आठ मिनिटं डांबरी रस्त्यावर फेऱ्या मारून वाचवायची की चिखलातच मोजून द्यायची, हे ज्याच्या त्याच्या घरापुढच्या रस्त्यावर अवलंबून आहे.