बाळ बोट दाखवत नाही? विकास तपासणीचा खर्च आणि क्रम

एक वर्षाचं मूल हाक मारली की सहसा वळून पाहतं. दीड वर्षाचं मूल दारातला कुत्रा बोटाने दाखवतं आणि तुम्हीही पाहिलात ना, म्हणून तुमच्या तोंडाकडे बघतं. हे होत नसेल, हवी ती वस्तू मिळवायला ते फक्त तुमचा हात ओढत असेल किंवा अजून एकही शब्द नसेल, तर स्वमग्नतेची चाचणी करून घ्या. येत असलेले शब्द बंद झाले, तर वय न बघता लगेच जा. ‘मुलगे उशिराच बोलतात’ या सल्ल्यावर महिने घालवू नका.

कुठे जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथली तपासणी मोफत असते. अंगणवाडी सेविकेकडे किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. खाजगीत विकासात्मक बालरोगतज्ज्ञ शोधा. सोबत लसीकरण कार्ड, जन्माच्या वेळचे डिस्चार्जचे कागद, आधीचे रिपोर्ट आणि घरातल्या खेळण्याचे, हाक मारल्याचे छोटे व्हिडिओ न्या. दवाखान्यात मूल बुजतं, तेव्हा व्हिडिओ कामी येतात.

तिथे आधी गरोदरपण, प्रसूती आणि वाढीची माहिती विचारतात. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची प्रश्नावली असते. समजा, तुमच्या २० महिन्यांच्या मुलाचे ५ गुण आले. दोनपर्यंत धोका कमी, ३ ते ७ मध्यम, ८ पासून जास्त. म्हणजे तुमचं मूल मध्यम गटात. आता ज्या प्रश्नांत गुण लागले, तेच उदाहरणं मागून पुन्हा विचारले जातात. त्यानंतरही २ किंवा अधिक गुण राहिले, तर सविस्तर तपासणी. ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे; निदान तज्ज्ञ मुलाचं खेळणं-वागणं पाहून करतात. कमी गुण आले तरी तुमची शंका कायम असेल, तर तसं स्पष्ट सांगा.

श्रवण तपासणी टाळू नका. लहान मुलांची ‘बेरा’ चाचणी झोपेत होते. झोपेच्या औषधाचे पैसे वेगळे लागतात का, आधी विचारा. खाजगी केंद्रात सल्ला, प्रश्नावली, निरीक्षण आणि लेखी रिपोर्ट यांचं शुल्क वेगवेगळं लिहून मागा. एम-चॅट-आर पालकांना मोफत उपलब्ध आहे. तिच्यासाठी मोठी रक्कम सांगितली, तर ती कशाची ते विचारा.

एमआरआय किंवा रक्ताच्या चाचणीत स्वमग्नता दिसत नाही. झटके येत असतील किंवा डॉक्टरांना दुसरा आजार वाटत असेल, तर त्या चाचण्या लागतात. कारण विचारूनच करा. स्टेम सेल उपचारावर एक रुपयाही घालवू नका, त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. वर्षभराच्या थेरपीचे पैसे आगाऊ भरू नका.

निदानाची तारीख लांबची मिळाली, तरी वाचा-उपचार आणि खेळातून शिकवणं आजपासून सुरू करता येतं. त्यासाठी निदानाचा कागद लागत नाही.