पाय सुजलाय, पण दुखत नाही

खरिपाआधी तुरीची धसकटं वेचताना आणि बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालताना बरीच माणसं अनवाणीच रानात असतात. काटा मोडला तर सुईनं काढायचा, हळद दाबायची आणि पुन्हा कामाला लागायचं. अशा एखाद्या जखमेतून मातीतली बुरशी किंवा जिवाणू आत शिरतात आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथं मायसेटोमा धरतो. १८४२ साली मदुराईत याची नोंद झाली, म्हणून याला 'मदुरा पाय' असंही म्हणतात.

एका सालगड्याचं उदाहरण घ्या. तळपायाला घट्ट गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून कुरूप समजून त्यानं ती ब्लेडनं तासली. वर्षभरात पाऊल फुगलं, दोन-तीन भोकं पडली. एकातून लस येई, ते भरलं की शेजारी दुसरं फुटे. पाच-सहा दिवसांच्या गोळ्यांनी वरवरचा पू कमी व्हायचा, म्हणून दरवेळी त्याला बरं झाल्यासारखं वाटायचं. उशीर होतो तो इथंच. पाय दुखत नसल्यानं मजुरी बुडत नाही, आणि मजुरी बुडत नाही तोवर मोठ्या दवाखान्याची वाट कोण धरतं?

पुढं पुवाची तपासणी झाली, पण ती वरच्या पुवाची. त्यात त्वचेवरचे नेहमीचे जंतू सापडले आणि औषध त्यांच्यावरच दिलं गेलं. सुरुवातीचा एक्स-रेही बऱ्याचदा स्वच्छ दिसतो. हाडाचा क्षय समजूनही अशा रुग्णांना महिनोन्महिने औषधं दिली जातात.

त्याच्या बायकोला पट्टी धुताना खसखशीएवढे काळे कण दिसले. मातीच असेल म्हणून तिनं ते झटकले. खरं तर तेच रोगाचं बीज होतं. सूज, पाझरणारी भोकं आणि कण, ही तिन्ही एकत्र दिसली की मायसेटोमाचा संशय घ्यायलाच हवा.

म्हणून रात्रभर बांधलेली पट्टी फेकू नका. स्वच्छ डबीत घालून ती तशीच त्वचारोगतज्ज्ञाला किंवा सर्जनला दाखवा आणि कण तपासायला सांगा. काळे कण जवळजवळ नेहमीच बुरशीचे असतात, लाल जिवाणूंचे. पांढरे-पिवळे दोन्हींचे असू शकतात, त्यामुळे खोलवरचा तुकडा काढून तपासावाच लागतो. हा फरक कळल्याशिवाय उपचार सुरू करून चालत नाही. जिवाणूंचा मायसेटोमा योग्य अँटिबायोटिकच्या काही महिन्यांच्या उपचारानं बहुधा बरा होतो. बुरशीच्या रोगाला इट्राकोनाझोलसारखं औषध वर्षभर, कधी त्याहून जास्त घ्यावं लागतं आणि बहुधा शस्त्रक्रियाही लागते. गाठ सुपारीएवढी असताना ती पूर्ण काढता येते. रोग हाडात शिरला की पाऊल कापण्यापर्यंत वेळ येते.

काटा लागलेल्या जागी महिन्यांनी न दुखणारी गाठ आली, तर ती तासू नका आणि गावात चिरूनही घेऊ नका. त्या सालगड्यानं गाठ न तासता तिचा खोलवरचा तुकडा तेव्हाच तपासून घेतला असता, तर निदान तिथंच होऊ शकलं असतं.